डाऊन जॅकेट खरंच किती ऊब देईल, हे गोव्यात बसून कसं ओळखायचं

गोव्यात डाऊन जॅकेट, म्हणजे पक्ष्यांच्या मऊ पिसांनी भरलेलं जॅकेट, विकत घेताना एक विचित्र अडचण येते. वस्तू थंडीची आणि ती पारखायची ३२ अंशांत, घाम पुसत. पणजीच्या दुकानात जॅकेट अंगात घातलं की दोन मिनिटांत जीव कासावीस होतो, आणि आपण म्हणतो, 'बापरे, भारी गरम आहे हे!' त्या उकाड्यात साधा रेनकोटही तितकाच गरम वाटला असता. ऑनलाइन मागवलं तर तेवढाही आधार नसतो. म्हणून इथून हिमालयात जाणाऱ्याने अंगाच्या अनुभवावर न जाता तीन गोष्टी वाचायला शिकावं: फिल पॉवर, भरलेल्या पिसांचं वजन आणि कप्प्यांची शिवण. चौथं लागतं ते शाळेतलं फूटपट्टीचं माप.

उदाहरण खरंच समोर आलेलं घेतो. साखळीच्या एका मित्राची मुलगी डिसेंबरअखेर उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखराच्या ट्रेकला जायची होती. तिने तीन जॅकेटं निवडून ठेवली होती आणि फोनवर विचारलं, "काका, आठशेवालं घेऊ ना? साडेसहाशेपेक्षा ते गरमच असणार." जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न याच शब्दांत विचारतो.

तिच्यासमोरची तीन जॅकेटं अशी होती. पहिलं ८०० फिल पॉवरचं, अगदी हलकं, टोपी नसलेलं, अरुंद आडव्या कप्प्यांचं. आत ९० ग्रॅम पिसं. दुसरं ६५० फिल पॉवरचं, टोपीवालं, रुंद कप्प्यांचं. आत १९० ग्रॅम पिसं. तिसऱ्यावर फक्त '७०० फिल पॉवर' आणि 'वजन ४५० ग्रॅम' इतकंच लिहिलेलं. पहिलं सगळ्यांत महाग होतं, दुसरं त्याच्याहून बरंच स्वस्त.

फिल पॉवर काय सांगते आणि काय सांगत नाही

प्रयोगशाळेत एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम पिसं एका काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळकांड्यात सोडतात, वरून ठरलेल्या वजनाची हलकी चकती ठेवतात आणि पिसं किती जागा व्यापतात ते मोजतात. ती जागा घन इंचांत येते. ८०० फिल पॉवर म्हणजे एका औंसाने ८०० घन इंच व्यापले. काही चाचण्यांत प्रत्यक्ष औंसाऐवजी ३० ग्रॅम घेतात, पण आकडा शेवटी याच भाषेत सांगतात.

म्हणजे हा पिसांच्या फुलण्याचा आकडा आहे. चांगल्या पिंजाऱ्याच्या हातचा किलोभर कापूस आणि गादीत दबलेला जुना किलोभर कापूस यांत जो फरक, तोच ८०० आणि ६०० मध्ये. पण तुमच्या गादीत कापूस किती किलो भरला आहे, हे तो आकडा सांगत नाही.

ऊब मिळते ती पिसांमध्ये अडकून स्थिर राहिलेल्या हवेमुळे. त्या हवेचा थर जितका जाड, तितकी उष्णता उशिरा बाहेर जाते. सारखा जाड थर ८०० च्या पिसांनी केला काय किंवा ६०० च्या पिसांनी केला काय, ऊब जवळपास तीच मिळते. ६०० च्या पिसांना तो थर उभा करायला ग्रॅम जास्त लागतात, जॅकेट जड होतं आणि पिशवीत जागा जास्त खातं. जास्त फिल पॉवरचे पैसे मोजायचे ते या हलकेपणासाठी. रोज पाठीवर बोजा घेऊन चालणाऱ्याला त्याची किंमत असते. वर्षाकाठी एकदा जाणाऱ्या आणि मोठी सॅक खेचरावर देणाऱ्या माणसाने त्यासाठी दुप्पट पैसे का द्यावेत, ते मला आजवर कळलेलं नाही.

याच संदर्भात आणखी एक गैरसमज असतो. लेबलवर '९०/१०' किंवा '८०/२०' लिहिलेलं दिसतं. पहिला आकडा मऊ डाऊनचा, दुसरा कण्याच्या साध्या पिसांचा. पुष्कळ जण ८०/२० पाहून हिशेबातून वीस टक्के वजा करतात. तसं करायची गरज नाही. फिल पॉवर त्या मिश्रणाचीच मोजलेली असते, त्यामुळे कण्याची पिसं त्या आकड्यात आधीच धरलेली असतात.

पिसांचं वजन शोधणं

हाच आकडा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच दडवलेला असतो. जॅकेटच्या बाहीवर फिल पॉवर मोठ्या अक्षरांत भरतकाम करून लिहितात. वजन शोधायला निर्मात्याच्या संकेतस्थळावर तांत्रिक माहितीच्या तळाशी जावं लागतं. ते 'फिल वेट' या नावाने ग्रॅममध्ये किंवा औंसात दिलेलं असतं. औंस असेल तर २८ ने गुणा. हे वजन बहुधा मध्यम मापाच्या जॅकेटचं असतं, त्यामुळे तुमचं माप एक्सएल असेल तर पिसं थोडी जास्त असतील, पण ती झाकणारं अंगही मोठं असेल. हिशेब तोच राहतो.

दोन ठिकाणी फसगत होते. पूर्ण जॅकेटचं वजन म्हणजे पिसांचं वजन नव्हे. आणि कुठे '२०० जीएसएम' असं लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. दर चौरस मीटरचं वजन पॉलिएस्टरच्या भरणीच्या पत्र्यांना लावतात. सुट्या पिसांचं वजन तसं सांगण्याची रीत नाही. आत बहुधा पॉलिएस्टर असतं, मग जाहिरातीत 'डाऊन' हा शब्द कितीही ठळक असो. पॉलिएस्टर वाईट नाही, ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब देतं, पण त्याला डाऊनची किंमत मोजायची नाही. जॅकेट हातात असेल तर चिमटीत धरून चोळून पाहा. खऱ्या डाऊनच्या जॅकेटमध्ये मध्येच एखादा बारीक कणा बोटाला टोचल्यासारखा लागतो, आणि भरणी सलग थरासारखी न लागता कप्प्यात इकडेतिकडे सरकते.

वजन कुठेच सापडलं नाही, तर अंदाज काढता येतो. तिसऱ्या जॅकेटसाठी आम्ही तो असा काढला. आधी जॅकेटचं क्षेत्रफळ. मध्यम मापाचं जॅकेट सपाट ठेवलं की छातीकडे रुंदी साधारण ५६ सेंटिमीटर, लांबी ७० सेंटिमीटर. पुढचं आणि मागचं मिळून ७,८४० चौरस सेंटिमीटर. बाही ६४ लांब, सरासरी १९ रुंद, दोन बाजू, दोन बाह्या, ४,८६४. बेरीज १२,७०४, म्हणजे सुमारे १.२७ चौरस मीटर. या जॅकेटला टोपीही होती, तिचं आणखी ०.१५ धरलं, म्हणजे १.४२. बाहेरचं कापड आणि अस्तर असे दोन थर, शिवाय शिवणीतली दुमड आणि खिसे यांसाठी पंधरा टक्के. एकूण कापड जवळजवळ ३.३ चौरस मीटर.

आता कापडाचं वजन. २० डेनिअरच्या बारीक धाग्याचं पातळ नायलॉन चौरस मीटरला साधारण ४० ग्रॅम असतं, बाजारातल्या स्वस्त जॅकेटांचं जाडसर पॉलिएस्टर ६५ ते ७० ग्रॅमपर्यंत जातं. तिसऱ्याचं कापड जाड होतं, म्हणून ६५ धरलं: ३.३ गुणिले ६५, म्हणजे २१५ ग्रॅम. चेन, इलास्टिक, दोऱ्या, लेबलं यांना १००. साडेचारशेतून हे तीनशे पंधरा गेले की पिसांना १३५ ग्रॅम उरतात. यात तीस-चाळीस ग्रॅमची चूक सहज होऊ शकते. पण 'सत्तर की दोनशे' या प्रश्नाचं उत्तर मिळतं, आणि विकत घेताना तेवढं पुरतं.

दोन आकड्यांचा एक आकडा

फिल पॉवरला ग्रॅमने गुणा आणि १७३० ने भागा. उत्तर लिटरमध्ये येतं. हे पिसं मोकळी सोडली तर किती जागा व्यापतील ते माप. (१७३० हा औंसाचे ग्रॅम आणि घन इंचाचे लिटर करण्यातून आलेला भाजक आहे, त्यात दुसरं गूढ काही नाही.)

पहिलं जॅकेट: ८०० × ९० ÷ १७३० = सुमारे ४२ लिटर.
दुसरं: ६५० × १९० ÷ १७३० = सुमारे ७१ लिटर.
तिसरं: ७०० × १३५ ÷ १७३० = सुमारे ५५ लिटर.

मुलगी जरा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे साडेसहाशेवालं पावणेदोनपट?" मोकळ्या पिसांच्या हिशेबाने हो. क्षेत्रफळाने भागलं की मोकळी जाडीही मिळते: पहिल्याची ४२ लिटर १.२७ चौरस मीटरवर पसरून ३.३ सेंटिमीटर, टोपी धरून दुसऱ्याची ५ सेंटिमीटर, तिसऱ्याची ३.८. टोपी असलेल्या आणि नसलेल्या जॅकेटांची तुलना करताना हा भागाकार विसरू नये, कारण टोपीत गेलेली पिसं छातीवर नसतात.

पण ही जाडी कागदावरची. जॅकेटमध्ये पिसं मोकळी नसतात, कप्प्यांत कोंडलेली असतात. तिथे कप्प्यांची शिवण ठरवते.

शिवण: पिसांना उभं राहायला जागा आहे का

सुटी पिसं जॅकेटमध्ये टाकली तर सगळी खाली कंबरेशी जमतील. ती जागच्या जागी राहावीत म्हणून कप्पे करतात, त्यांना बॅफल म्हणतात. ते करण्याचे मुख्य प्रकार दोन.

सोपा आणि स्वस्त प्रकार म्हणजे आरपार शिवण. बाहेरचं कापड आणि अस्तर एकमेकांना थेट शिवून टाकायचे. बाजारातली बहुतेक जॅकेटं अशीच असतात. प्रत्येक शिवणीवर दोन कापडं एकमेकांना चिकटतात, तिथे पिसं नाहीत, हवेचा थर नाही. जॅकेट कडेने पाहिलं तर मध्ये फुगलेलं आणि दोन्ही टोकांना शून्यावर आलेलं भिंगासारखं दिसतं. अशा आकारात सरासरी जाडी मधल्या उंचीच्या दोन-तृतीयांशच्या आसपास भरते. त्यातही उष्णता पातळ जागेतूनच जास्त निसटते, त्यामुळे प्रत्यक्ष ऊब त्या सरासरीपेक्षाही थोडी कमी मिळते.

दुसरा प्रकार पेटीच्या कप्प्यांचा. बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये पातळ जाळीची किंवा कापडाची उभी भिंत शिवलेली असते, त्यामुळे शिवणीवरही दोन थरांत अंतर राहतं. थर सलग जाड राहतो. हे काम वेळखाऊ आहे, कापड जास्त लागतं, म्हणून ते बहुधा उंच शिखरांच्या जाड जॅकेटांत आणि झोपायच्या चांगल्या बॅगांत असतं. काही ठिकाणी दोन आरपार थर एकावर एक ठेवून एकाची शिवण दुसऱ्याच्या फुगीर भागावर आणतात. थंड रेषा झाकण्याचा हाही चांगला मार्ग. आणि हल्ली दोऱ्याऐवजी कापड चिकटवून किंवा विणूनच कप्पे करतात. त्यात सुईची भोकं नसल्याने पिसं बाहेर येत नाहीत आणि वारा कमी शिरतो, पण कापडं जिथे जुळतात तिथली जाडी शून्यच असते. विक्रेते हे सांगत नाहीत.

ओळखायचं कसं? एक बोट आतून आणि एक बाहेरून शिवणीवर ठेवून दाबा. मध्ये फक्त कापड लागलं तर आरपार. दोन कापडं एकमेकांपासून सुटी आहेत आणि मध्ये भिंत हलते असं जाणवलं तर पेटी. फक्त अस्तराकडे पाहून ठरवू नका. काही जॅकेटांत आरपार शिवणीच्या आत आणखी एक सुटं, सपाट अस्तर लटकवलेलं असतं आणि शिवणी त्यामागे लपतात. मग रात्री दिवे बंद करून मोबाइलची टॉर्च बाहीत आतून लावा. फिकट रंगाच्या जॅकेटमध्ये शिवणी उजळ रेषांसारख्या दिसतात, आणि पिसं विरळ असलेली जागाही लगेच ध्यानात येते. काळ्या कापडाला हा उपाय चालत नाही.

यानंतर कप्प्याची रुंदी. याला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो. आरपार शिवणीत दोन शिवणींमधलं कापड जेवढं, तेवढंच कप्प्याला फुगता येतं. अगदी टम्म फुगवला तरी तो फार तर गोल नळीसारखा होईल, आणि त्या नळीची जाडी मूळ कापडाच्या रुंदीच्या दोन-तृतीयांशहून थोडी कमी भरते. चार सेंटिमीटर कापडाचा कप्पा अडीच सेंटिमीटरच्या वर जाऊच शकत नाही, आत जगातली सर्वोत्तम पिसं असली तरी. प्रत्यक्षात तो त्याहून बराच खाली राहतो, कारण टम्म नळ्यांचं जॅकेट आखूड आणि ताठ होऊन बसेल.

म्हणून अरुंद कप्प्यांच्या अतिहलक्या जॅकेटमध्ये ८०० ची पिसं भरली की ती ८०० सारखी फुलतच नाहीत, दाटीत बसतात. दाटीने तोटाच होतो असं नाही. जाडी तेवढीच असताना पिसं जरा जास्त असली तर हवा कमी हलते, पिसं एका बाजूला घसरत नाहीत, आणि घामाने किंवा दमटपणाने थोडी बसली तरी कप्पा रिकामा पडत नाही. कंपन्या काही प्रमाणात मुद्दाम ठासून भरतात ते यासाठी. पण एका मर्यादेपुढे तुम्ही फुलण्याचे पैसे मोजता आणि फुलायला जागा मात्र मिळत नाही. उलट रुंद कप्प्यात पिसं कमी असली तर वेगळाच घोळ: ती तळाशी गोळा होतात आणि खांद्याशी नुसतं कापड उरतं. जॅकेट उलटं धरून जोरात झटका, मग टॉर्च लावा. वरचे कप्पे अर्धे रिकामे दिसले तर ते जॅकेट परत करा.

फूटपट्टी

आता कागदावरची जाडी आणि खरी जाडी यांची गाठ घालायची. जॅकेटची चेन लावून ते टेबलावर पाठीवर ठेवा, कडा धरून दोन-चार वेळा हलकेच झटका आणि तासभर तसंच राहू द्या. छातीच्या मध्यावर, खिशापासून दूर, एका कप्प्याची सगळ्यांत फुगीर जागा निवडा, तिच्या रेषेत जॅकेटच्या कडेला फूटपट्टी टेबलावर उभी धरा आणि नजर त्या उंचीला आणून वाचा. जॅकेट वरून कशानेही दाबू नका. येणारी उंची पुढच्या आणि मागच्या अशा दोन थरांची असते. निम्मी केली की एका थराची जाडी मिळते. पट्टीचा शून्य कडेपासून थोडा आत असतो, तेवढं उत्तरात मिळवायचं.

गोव्यात इथे एक खास अडचण आहे. चाचणीच्या प्रयोगशाळेत २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता ठेवतात, काही पद्धतींत तर पिसं आधी वाफ देऊन फुलवून घेतात. आपल्याकडे जुलैत हवेतला ओलावा नव्वदच्या आसपास रेंगाळतो. पिसं तो शोषतात आणि बसतात. शिवाय कुरिअरमधून आलेलं जॅकेट दाबून घडी केलेलं असतं. डिचोलीला पावसाळ्यात पाकीट फोडून लगेच मोजलं तर चांगलं जॅकेटही नापास होईल. ते रात्रभर एसीच्या खोलीत 'ड्राय' मोडवर सैल पसरून ठेवा. एसी नसेल तर ड्रायरमध्ये अगदी मंद उष्णतेवर दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून फिरवा. चेंडूंनी गाठी सुटतात. (आधी लेबलवरची ड्रायरची खूण पाहा.) मग मोजा. परत करायची मुदत असते तोवर हे सगळं उरकायचं, हे वेगळं सांगायला नको.

मुलीने पहिली दोन जॅकेटं मागवली आणि आईसोबत बसून मोजली. पहिलं दोन थरांत ४.४ सेंटिमीटर, म्हणजे एक थर २.२. शिवणीचं धरून सरासरी दीडच्या आसपास. कागदावर ३.३ होते, म्हणजे निम्म्याहून जास्त फुलणं कप्प्यांनी दाबून टाकलं. दुसरं ८ सेंटिमीटर, एक थर ४, सरासरी २.७, कागदावरचे ५. दाटी यातही होती, पण प्रत्यक्ष थर पहिल्यापेक्षा पावणेदोनपट जाड निघाला. तिसरं मागवायची गरज उरली नाही. गणिताने ते मधलं होतं, आणि पिसांचं वजन ज्याला लिहावंसं वाटत नाही त्याच्याकडून घ्यायचं कशाला?

मोजलेल्या उंचीवरून मी ठोकताळा असा धरतो. एका थराची फुगीर उंची दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर ते चालताना किंवा वाऱ्याच्या जॅकेटखाली घालायचं वस्त्र. मुक्कामावर एकट्याने ते पुरणार नाही. तीन ते चार सेंटिमीटर असेल तर आत थर्मल आणि फ्लीस घालून शून्याखाली आठ-दहा अंशांत संध्याकाळी तंबूबाहेर बसता येतं. केदारकांठ्याच्या तळावर डिसेंबरअखेर रात्री अशीच थंडी असू शकते. पाचाच्या पुढची जॅकेटं याहून उंच आणि कडक थंडीच्या जागांसाठी. तिथे पेटीचे कप्पे असलेलं बरं. हा ठोकताळा आहे, प्रमाणपत्र नव्हे. जेवला आहात की नाही, वारा किती आहे, तुम्हाला थंडी किती बाधते, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

म्हणूनच जॅकेटवर छापलेल्या 'उणे १५ अंशांपर्यंत' अशा आकड्याकडे मी फारसं लक्ष देत नाही. झोपायच्या बॅगांसाठी आयएसओ २३५३७ या प्रमाणाखाली गरम पुतळ्यावर चाचणी होते आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॅगांची तुलना करता येते. दुकानात मिळणाऱ्या फिरतीच्या जॅकेटांवर तसा सर्वमान्य आकडा नसतो; कंपनी आपल्या मनाने लिहिते. त्याचप्रमाणे आरडीएसची खूण पक्ष्यांना कसं वागवलं याबद्दल असते, उबेबद्दल नाही.

अंगावर बसल्यावर

जाडी मोजली ती टेबलावर. तीच अंगावर टिकते का हे पाहायचं. फ्लीस घालून त्यावर जॅकेट घाला. एसीच्या खोलीतच घाला, नाहीतर परीक्षा आटपायच्या आधी तुम्हीच घामाने भिजाल. दोन्ही हात समोर घेऊन स्वतःला मिठी मारा आणि दुसऱ्याला पाठीवर हात फिरवायला सांगा. खांद्यांच्या मधल्या पट्ट्यात कप्पे सपाट झाले असतील तर माप लहान आहे. तिथे ४ सेंटिमीटरचं जॅकेट दीडाचं झालं. मुलीचं दुसरं जॅकेट नेमकं इथे घट्ट निघालं. ते बदलून एक माप मोठं घेतलं.

मग चेन पाहा. चेनच्या मागे आतून पिसांची भरलेली पट्टी आहे का? नसेल तर हनुवटीपासून कंबरेपर्यंत एक सलग थंड फट असते, आणि वाऱ्यात ती कळते. कंबरेची दोरी ओढून घट्ट होते का आणि मनगटावर इलास्टिक नीट बसतं का, हे क्षणभराचं काम आहे. या जागा सैल असल्या तर आतली गरम हवा पंप केल्यासारखी बाहेर जाते आणि वरचा सगळा हिशेब वाया जातो.

एवढं झालं की त्याच दिवशी जॅकेटची उंची आणि तारीख कागदावर लिहून तो आतल्या खिशात ठेवा. जॅकेट कधीही दाबलेल्या पिशवीत ठेवू नका. सुती पिशवीत सैल घालून कपाटात टांगा आणि पावसाळ्यात अधूनमधून एसीच्या खोलीत किंवा ड्रायरमध्ये सुकवा, कारण आपल्याकडे बुरशीला निमित्तच हवं असतं. पुढच्या मोसमात निघण्याआधी सुकवून पुन्हा मोजा. आठाचे साडेसात झाले असतील तर चिंता नाही. सहा झाले असतील तर पिसांना अंगाचं तेल आणि घाम बसला आहे. डाऊनसाठीच्या साबणाने धुऊन, चेंडू घालून पूर्ण सुकवल्यावर बरंचसं परत येतं. गाठी हाताला लागत असतील तर ते आत अजून ओलं आहे. तसंच गुंडाळून ठेवलं तर वास येईल आणि पिसं कुजतील. धुऊन-सुकवूनही उंची सहाच्या वर गेली नाही, तर ते जॅकेट आता ३ सेंटिमीटरचं आहे असं समजा आणि त्याप्रमाणे आत आणखी एक फ्लीस न्या.